लॉजिस्टिक वाढीत वेग सर्वात जास्त केव्हा? सुरुवातीला की K/2 ला?

ऋतुजा_परभणी

नमस्कार. मी बी.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र. इकॉलॉजीच्या पेपरला लोकसंख्यावाढीवर एक गणित हमखास असतं. सराव प्रश्नपत्रिकेतलं हे बघा:

"एका माळरानावर सशांची धारणक्षमता ५०० आहे. r दरवर्षी ०.२. संख्या ५०, २५० आणि ४५० असताना वाढीचा दर काढा. हीच वाढ एक्सपोनेन्शियल असती तर दर किती आला असता? लॉजिस्टिक वाढीत दर सर्वात जास्त केव्हा असतो?"

सूत्रं ही दोन. N म्हणजे संख्या, K म्हणजे धारणक्षमता, जितके ससे माळाला पेलतात तितके, आणि r म्हणजे गर्दी नसताना दर सशामागे होणारी वाढ:

```
dN/dt = r N
dN/dt = r N (1 - N/K)
```

एक्सपोनेन्शियलची उत्तरं १०, ५० आणि ९० आली. लॉजिस्टिकची ९, २५ आणि ९. आकडे बरोबर आहेत, मैत्रिणीचेही तेच आले. पण दोन गोष्टी कळत नाहीत. पहिली, ५० ससे असताना आणि ४५० ससे असताना उत्तर सारखंच ९ कसं? ५० ला तर सगळं माळ मोकळं आहे. दुसरी, आमच्या नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय की सुरुवातीला अन्न आणि जागा मुबलक म्हणून वाढ सर्वात वेगवान, पुढे ती मंदावत जाते. उत्तरसूचीत मात्र "संख्या K/2 असताना" असं आहे. दोन्हींतलं बरोबर कोणतं?

अनिकेत_लातूर

उत्तरसूची बरोबर. उजव्या बाजूचं समीकरण N च्या दृष्टीने पॅराबोला आहे. N शून्य असताना शून्य, N बरोबर K झालं की पुन्हा शून्य, आणि शिखर बरोबर मध्यावर. डेरिव्हेटिव्ह घेऊन शून्याशी मांडलं की N = K/2 येतं. ५० हे शून्यापासून जितकं लांब तितकंच ४५० हे ५०० पासून लांब, म्हणून दोन्हीकडे ९. नोट्समधलं वाक्य चूक आहे, खोडून टाक.

सोपं लक्षात ठेवायचं तर असं: K/2 पर्यंत वाढ एक्सपोनेन्शियल असते, तिथून पुढे ब्रेक लागतो. आणि तसं बघितलं तर एक्सपोनेन्शियल वाढ ही फक्त कागदावरची गोष्ट, निसर्गात ती नसतेच.

गोदाकाठ

अनिकेत, गणित तुझं बरोबर आहे. पण ऋतुजाला नोट्समधलं वाक्य खोडायला सांगू नकोस, कारण तेही बरोबर आहे. ती दोन वाक्यं दोन वेगळ्या राशींबद्दल बोलतात, आणि या प्रकरणात मुलांचे मार्क जातात ते नेमके इथेच. महाविद्यालयात शिकवत होतो तेव्हा दरवर्षी हा गोंधळ उत्तरपत्रिकांत दिसायचा.

ऋतुजा, तू काढलेले ९, २५, ९ म्हणजे सगळ्या माळावर मिळून वर्षाला किती ससे वाढतात तो आकडा. आता त्याला त्या वेळच्या सशांच्या संख्येने भाग. ५० ला ०.१८ येईल, २५० ला ०.१०, आणि ४५० ला ०.०२. ही झाली दरडोई वाढ. गावाचं एकूण उत्पन्न आणि दरडोई उत्पन्न यांत जो फरक, तोच इथे. दरडोई आकडा पहिल्या सशापासूनच खाली येत जातो, कुठेही वर चढत नाही. तुझ्या नोट्स या आकड्याबद्दल बोलतात, उत्तरसूची एकूण वाढीबद्दल. एकूण वाढ मध्यावर सर्वात जास्त, कारण तिथे वाढवणारे पुरेसे झालेले असतात आणि प्रत्येकाची वाढ अजून फार घसरलेली नसते.

म्हणून ५० आणि ४५० ची उत्तरं सारखी असली तरी ते दोन माळ अगदी वेगळे आहेत. पहिल्यावर दर शंभर सशांमागे वर्षाला १८ ची भर पडते, दुसऱ्यावर २ ची. ४५० च्या माळावर पिल्लं कमी होतात असंही समजू नकोस. माद्या जास्त म्हणून एकूण पिल्लं पुष्कळ असू शकतात, पण मरणारेही जवळजवळ तितकेच. सूत्राला फक्त वजाबाकी दिसते. K ला वाढ शून्य होते याचा अर्थ जन्म थांबले असा जे लिहितात ते तिथेच घसरतात.

आणि "K/2 पर्यंत एक्सपोनेन्शियल" हे वाक्य मात्र खरंच खोडायला हवं. ऋतुजाचीच उत्तरं बघ. २५० ला एक्सपोनेन्शियलने ५० येतात, लॉजिस्टिकने २५. म्हणजे मध्यावर पोचेपर्यंत दरडोई वाढ अर्ध्यावर आलेली असते. ब्रेक पहिल्यापासून लागलेला असतो, आधी तो जाणवत नाही इतकंच. संख्या K च्या पाच टक्के असेल तर दोन सूत्रांच्या उत्तरांत पाचच टक्क्यांचा फरक, दहा टक्के असेल तर दहाचा. तुझं ५० चं उदाहरण तेच आहे, १० आणि ९.

अनिकेत_लातूर

मान्य. मध्यावर वक्राचा बाक बदलतो, ते मी एक्सपोनेन्शियल संपण्याशी जोडलं होतं. पण निसर्गात एक्सपोनेन्शियल नसते यावर मी ठाम आहे.

शेततळेवाला_अंबड

रामराम मंडळी. मी शेतकरी आहे, शिक्षण बारावी. धारणक्षमता हा शब्द बघून थांबलो. माझं शेततळं आहे, खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यात रोहू, कटला सोडलेत. मला एक सांगा, तुमच्या हिशोबाने अर्ध्यावर वाढ सगळ्यात जास्त होते. मग तळ्याला जितकी बोटुकली पेलतात त्याच्या निम्मीच सोडावीत का? म्हणजे मासे झपाट्याने वाढतील आणि बीजाचा पैसाबी वाचेल. सध्या मासे वाढायलेत पण सावकाश.

गोदाकाठ

भाऊ, प्रश्न चांगला आहे पण हे सूत्र तुमच्या तळ्याला तसं लागू होत नाही. या सूत्रात वाढते ती डोकी, म्हणजे पिल्लं जन्माला येऊन वाढणारी संख्या. रोहू आणि कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं नदीचं वाहतं पाणी लागतं, म्हणून तर बीज विकत आणावं लागतं. तुमच्या तळ्यात जितकी सोडली त्याहून संख्या एकानेही वाढणार नाही, मरतुकीने कमीच होत जाईल. तिथे वाढतं ते प्रत्येक माशाचं वजन.

गर्दीचा परिणाम तिथेही आहेच. दाट सोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला खाद्य आणि प्राणवायू कमी येतो, म्हणून मासा बारीक राहतो. पण निम्मे सोडायचे की पाऊण, हे r आणि K वरून निघत नाही. ते पाणी, खाद्य आणि हवा यांवरून निघतं. तुमच्या तळ्यात आधी काय कमी पडतंय ते बघा. पहाटे, उजाडायच्या आधी तळ्यावर जा. रात्रभर शेवाळ आणि मासे सगळेच प्राणवायू वापरतात, ऊन नसल्याने नवा तयार होत नाही, त्यामुळे पहाटे तो सर्वात कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर तुमची मर्यादा खाद्याची नाही, हवेची आहे. खाद्य वाढवलंत तर उरलेलं कुजून हवा आणखी कमी होईल.

शेततळेवाला_अंबड

उन्हाळ्यात पाणी उतरलं की पहाटे तसं दिसतं खरं. एवढ्यात बघितलं नाही, उद्या बघतो. पण मग हे अर्ध्याचं गणित माशांना लावतात असं मी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं, ते काय?

गोदाकाठ

ते समुद्रातल्या माशांचं. तिथे मासे स्वतःच वाढतात आणि आपण फक्त काढतो. साठा K/2 ला ठेवला तर दरवर्षी सर्वात जास्त भर पडते, तेवढीच काढली तर साठा जागेवर राहतो, असा तो विचार. १९५० च्या दशकात तो मासेमारीच्या नियोजनात रुळला. कागदावर नीट दिसतो, पण धोका ऋतुजाच्याच आकड्यांत पाहता येतो.

समजा माळावर २५० ससे आहेत आणि दरवर्षी बरोबर २५ काढायचे ठरवले. भर २५, काढले २५, सगळं जमलं. मग एखाद्या दुष्काळात संख्या २०० वर आली. आता भर किती? ०.२ गुणिले २०० गुणिले ०.६, म्हणजे २४. तुम्ही काढताय २५. पुढच्या वर्षी १९९, भर अजून जराशी कमी, काढणी तीच. सुरुवातीला वर्षाला एकाचाच फरक दिसतो म्हणून कोणाला काही वाटत नाही, पण तूट दरवर्षी वाढत जाते आणि शेवटी साठा संपतो. २५० च्या वर असताना हाच नियम सुरक्षित, कारण तिथून खाली आलं की भर वाढते. मध्याच्या खाली गेलं की भर घटते. म्हणून शिखरावर बसून काढणी करायची नसते.

तळ्यातल्या तळ्यात पिल्लं देणारा मासा तुम्हाला बघायचा असेल तर तिलापिया आहे. त्याची संख्या खरंच या सूत्रासारखी चढते, आणि मग तळं बोटभर माशांनी भरून जातं ज्यांना बाजारात भाव नाही.

ऋतुजा_परभणी

सर, दरडोईचं कळलं. आता ५० आणि ४५० चा गोंधळ राहिला नाही. पण पेपरात कधीकधी उलटा प्रश्न असतो. आकडे देतात आणि विचारतात, ही वाढ एक्सपोनेन्शियल की लॉजिस्टिक? सुरुवातीला दोन्ही वक्र एकसारखेच वर जातात, मग आलेख बघून ओळखायचं कसं? जे-आकार आणि एस-आकार हे तर शेवट दिसल्यावर कळतं.

गोदाकाठ

बरोबर पकडलंस. म्हणून संख्या विरुद्ध काळ हा आलेख बघत बसायचं नाही. उभ्या अक्षावर दरडोई वाढ घ्यायची, आडव्या अक्षावर संख्या. एक्सपोनेन्शियल असेल तर रेघ आडवी राहते, संख्या कितीही होवो. लॉजिस्टिक असेल तर रेघ उतरती, आणि ती आडव्या अक्षाला जिथे शिवेल ते K.

खरे आकडे देतो, स्वतः करून बघ. यीस्टच्या वाढीची ही मोजणी कार्लसनने १९१३ मध्ये छापली. रेमंड पर्लने १९२० च्या दशकात ती लॉजिस्टिक वक्रासाठी वापरली आणि तेव्हापासून ती जगभर वर्गात शिकवतात. शून्याव्या तासापासून दर तासाला यीस्ट किती, ते असं:

```
 0-5   :   9.6  18.3  29.0  47.2  71.1 119.1
 6-11  : 174.6 257.3 350.7 441.0 513.3 559.7
12-18  : 594.8 629.4 640.8 651.1 655.9 659.6 661.8
```

प्रत्येक तासाची भर काढ, आणि तासाच्या सुरुवातीला जितकं यीस्ट होतं त्याने भाग. मग सांग काय दिसतं.

ऋतुजा_परभणी

केलं सर. वहीत दोन रकाने केले, एकूण भर आणि दरडोई.

एकूण भर आधी ८.७, मग १०.७, १८.२ अशी चढत जाते. सर्वात मोठी भर सातव्या आणि आठव्या तासाच्या मध्ये, ९३.४. तेव्हा यीस्ट २५७.३ वरून ३५०.७ वर गेलंय. शेवटचे आकडे ६६० च्या आसपास रेंगाळतात. K साधारण ६६५ धरली तर निम्मे ३३२, आणि ते बरोबर त्याच तासात येतं.

दरडोई वाढ टक्क्यांत: ९१, ५८, ६३, ५१, ६८, ४७, ४७, ३६, २६, १६, ९, ६, ६, आणि नंतर दोन टक्क्यांच्या खाली. उतरती आहे खरी, पण पहिल्या पाच तासांत वरखाली होते. चौथ्या ते पाचव्या तासात ५१ वरून ६८ कशी झाली? मी दोनदा तपासलं, गुणाकार-भागाकार बरोबर आहे.

गोदाकाठ

तुझा हिशोब अचूक आहे. वरखाली होणं हे मोजणीचं आहे. सुरुवातीला यीस्ट इतकं कमी असतं की मोजताना थोडा फरक पडला तरी टक्क्यांत तो मोठा दिसतो. पुढे संख्या मोठी झाली की आकडे शांत होतात. म्हणूनच एखाद्या जोडीवरून निकाल द्यायचा नाही, सगळी रेघ बघायची. पाचव्या तासाला थांबली असतीस तर ही वाढ एक्सपोनेन्शियल आहे असंही कोणी ठामपणे म्हणालं असतं आणि तुला ते खोडता आलं नसतं.

आणखी एक. तासाच्या सुरुवातीच्या संख्येने भागल्यामुळे सुरुवातीचे आकडे जरा फुगतात, कारण त्या तासात नवीन झालेलं यीस्टही लगेच वाढायला लागतं. दोन लागोपाठच्या आकड्यांचा भागाकार करून त्याचा ln घेतलास तर आकडे आणखी नीट येतील. या सगळ्यातून वक्र बसवला की r तासाला सुमारे ०.५३ निघतो. तो घेऊन एक्सपोनेन्शियलने पुढे काढून बघ. पाचव्या तासाला १३६ येतात, प्रत्यक्षात ११९.१, फार लांब नाही. दहाव्या तासाला सुमारे १,९०० येतात, प्रत्यक्षात ५१३.३. अठराव्या तासाला एक लाख तीस हजारांच्या पुढे, प्रत्यक्षात ६६१.८.

आणि यीस्ट थांबलं म्हणून साखर संपली असं लिहू नकोस. यीस्ट स्वतःच तयार केलेल्या अल्कोहोलने अडतं, साखर शिल्लक असतानाही. K म्हणजे फक्त अन्न नव्हे. जे काही गर्दीबरोबर वाढत जाऊन जन्म घटवतं किंवा मरण वाढवतं ते सगळं त्यात आलं.

धुरा

उशिरा आलो. मी कृषी पदवीधर, गंगाखेडकडे आमची करडई असते. अनिकेतभाऊ म्हणतात की एक्सपोनेन्शियल निसर्गात नसतेच. त्यांनी एकदा ढगाळ हवेनंतर करडईवरचा मावा बघावा.

मावा आधी धुऱ्याकडच्या ओळीत येतो, कोवळ्या शेंड्याला काळे ठिपके दिसतात. मादीला नर लागत नाही, अंडी घालायची नाहीत, थेट जिवंत पिल्लं देते आणि ती पिल्लं काही दिवसांत स्वतः पिल्लं द्यायला लागतात. समजा तीन दिवसांत दुप्पट होतो. एका शेंड्यावर १० असतील तर महिन्यात दहा वेळा दुप्पट, म्हणजे दहा हजारांच्या वर. ते दहा हजार शेंड्यावर मावणार नाहीत हे मलाही कळतं. पण पहिल्या बारा दिवसांत १० चे १६० होतात ते कागदावर नाही, माझ्या शेतात होतात. मला निर्णय त्याच बारा दिवसांत घ्यायचा असतो. आठवडाभर थांबून बघू म्हणणाऱ्याला पाचपट मावा भेटतो.

आणि दुसरं, मावा वर जाऊन सपाट राहिलेला मी कधी बघितला नाही. शिगेला पोचतो आणि खाली येतो. मग त्याची K कुठली?

अनिकेत_लातूर

बारा दिवसांपुरतं मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच की ते कायम टिकत नाही.

K ओलांडून खाली येणं मात्र या सूत्रात बसत नाही. सलग सूत्र खालून K कडे सरकतं, ते K ला ओलांडूच शकत नाही. तुम्ही बघितलेला चढउतार म्हणजे सूत्राबाहेरचं काहीतरी आहे.

गोदाकाठ

दोघांचंही बरोबर आहे. सूत्रात एक गृहीत दडलेलं आहे: गर्दी झाली की तिचा परिणाम प्रत्येकावर त्याच क्षणी होतो. प्रत्यक्षात तो उशिरा होतो. करडईवर शेंडा निबर होत जातो, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांच्या अळ्या उशिरा वाढतात, आणि गर्दी झाली की पंखवाला मावा तयार होऊन उडून जातो. या सगळ्याला काही दिवस लागतात आणि तोवर मावा पुढे निघून गेलेला असतो.

या उशिराचं सर्वात ठळक उदाहरण बेरिंग समुद्रातलं, अलास्काच्या हद्दीतल्या सेंट मॅथ्यू बेटाचं. १९४४ साली तिथे २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी नाही, जमिनीवर दगडफुलाचा जाड थर, हिवाळ्यातलं त्यांचं मुख्य खाणं तेच. १९५७ मध्ये १,३५० झाले, १९६३ मध्ये ६,०००. १९६३-६४ च्या हिवाळ्यात कोसळले. १९६६ मध्ये मोजणी झाली तेव्हा ४२ उरले होते, त्यात नर एकच.

ऋतुजा, आपली दरडोईची कसोटी इथे लावून बघ.

ऋतुजा_परभणी

१९४४ ते १९५७, तेरा वर्षांत २९ चे १,३५०: वर्षाला सरासरी ३४ टक्के. १९५७ ते १९६३, सहा वर्षांत १,३५० चे ६,०००: वर्षाला २८ टक्के.

सर, हे तर जेमतेम उतरलंय. या दोन आकड्यांवरून रेघ ओढली तर K फार पुढे दिसेल. आणि पुढच्याच हिवाळ्यात सगळं संपलं. मग कसोटी चुकली का?

गोदाकाठ

कसोटी इथे फसते, आणि ती का फसते ते बघण्यासारखं आहे. दगडफूल अतिशय हळू वाढतं. रेनडिअर दरवर्षीची वाढ खात नव्हते, वर्षानुवर्षं साठलेला थर खात होते. थर होता तोवर पिल्लं भरपूर झाली, संख्येच्या आकड्यांत काही दिसलं नाही. खुणा दुसरीकडे होत्या. १९६३ मध्ये तिथे गेलेल्या अभ्यासकाला जनावरं १९५७ च्या मानाने वजनाने बरीच कमी आढळली होती आणि दगडफुलाचा थर खाऊन, तुडवून विरळ झाला होता. म्हणजे K शोधायची तर संख्येबरोबर जनावराचं शरीर आणि चारा हेही बघायला हवं. फक्त डोकी मोजून ते कळत नाही.

आणि ते खाणं संपवत गेले तशी K स्वतःच खाली येत गेली. सूत्रात ती स्थिर धरलेली असते.

मांजरेकाठी

वाचतोय सगळं. K स्थिर नसते हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मराठवाड्यातला पाऊसच एका वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दुसरा. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडिलांनी काढला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते मी बघितलं. माझं म्हणणं आहे की आपल्या भागाने K कधीच ओलांडली. रेनडिअरसारखंच, साठलेलं खातोय. भूजल म्हणजे आपलं दगडफूल. बोअर दरवर्षी खोल जायलेत.

अनिकेत_लातूर

माणसाला K लावता येत नाही. रेल्वेने पाणी आलं म्हणजे लातूरची K मिरजेने वाढवली. उद्या कुठून आणखी आणलं की आणखी वाढेल.

मांजरेकाठी

आणि मिरजेची कमी झाली ते? त्या भागाच्या K मधून वजा झालं ते कोण मोजणार?

गोदाकाठ

माणसाच्या बाबतीत हा वक्र लावून झालेला आहे. पर्ल आणि रीड यांनी १९२० मध्ये अमेरिकेच्या तोवरच्या जनगणनांवर लॉजिस्टिक वक्र बसवला आणि लोकसंख्या १९ कोटी ७० लाखांच्या आसपास थांबेल असं काढलं. मागच्या जनगणनांशी तो सुंदर जुळत होता. १९७० च्या जनगणनेत २० कोटींच्या वर आकडा गेला आणि आज तो ३३ कोटींच्याही पुढे आहे. जुन्या आकड्यांवर वक्र नीट बसला म्हणून पुढची K खरी ठरत नाही, एवढं त्यातून दिसतं.

मांजरेकाठी, भूजलाबद्दल तुमची काळजी मला रास्त वाटते, साठा आणि दरवर्षीची भर हा फरक तिथेही तंतोतंत आहे. पण त्याचं एका आकड्यात K म्हणून उत्तर मी देणार नाही. त्यासाठी आधी ठरवावं लागेल की कोणतं पीक, किती पाणी, आणि कोणाच्या वाट्याचं. उसाखालचं क्षेत्र धरून येणारा आकडा आणि ज्वारी-तूर धरून येणारा आकडा एक असणार नाही.

मांजरेकाठी

उसाचं म्हणालात ते खरं आहे. पण मग K माणसांच्या संख्येवर कमी आणि पिकावर जास्त ठरते. मला ते अजून पटत नाही, तरी विचार करतो.

शेततळेवाला_अंबड

आज पहाटे गेलो होतो. मासे वर होते, कोपऱ्यात जास्त. ऊन पडल्यावर खाली गेले. मी तर खाद्य वाढवायच्या विचारात होतो. आता आधी थोडी काढणी करून गर्दी कमी करतो आणि पहाटे पंप लावून पाणी वरून सोडतो.

गोदाकाठ

तेच करा भाऊ. खाद्य काही दिवस कमीच ठेवा, आणि पाणी जितक्या उंचीवरून, फवाऱ्यासारखं पडेल तितकं बरं.

ऋतुजा_परभणी

सर, शेवटचं. पेपरात नुसतं "वाढीचा दर सर्वात जास्त केव्हा" असं आलं तर काय लिहू?

गोदाकाठ

दोन्ही लिही. एकूण वाढीचा दर, म्हणजे dN/dt, संख्या K/2 असताना सर्वात जास्त आणि तो rK/4 इतका. दरडोई दर संख्या अगदी कमी असताना सर्वात जास्त, जवळजवळ r इतका. आलेख काढलास तर उभ्या अक्षावर N आहे, dN/dt आहे की दरडोई दर, ते नाव न विसरता लिही. तीन आलेख तीन वेगळ्या आकाराचे येतात, एस, डोंगर आणि उतरती सरळ रेघ. अक्षाला नाव नसेल तर तपासणाऱ्याला तू कोणता काढलास ते कळत नाही.

धुरा

सर, या हंगामात करडईवर मोजायचं ठरवलंय. धुऱ्याकडची दहा झाडं खुणेची, फवारणी न करता, दर तीन दिवसांनी शेंड्याच्या वरच्या पाच सेंटिमीटरवरचा मावा. मग दरडोईचा आलेख काढतो. पंखवाले वेगळे मोजू का?

गोदाकाठ

वेगळेच मोजा. सूत्रात फक्त जन्म आणि मरण आहे, उडून जाणं नाही. पंखवाले वाढायला लागले की त्यानंतर संख्या घटली तरी ते मेले की गेले हे तुम्हाला सांगता येणार नाही. त्या दिवसापासूनचे बिंदू आलेखावर वेगळ्या रंगाने टाका. आणि प्रत्येक झाडावर ढालकिड्याच्या अळ्या किती तेही लिहून ठेवा, ते मागून आठवत नाही.